पहिल्या पावसात मेन पॅनल का उडतो? लग बदलूनही दरवर्षी तेच होत असेल तर काय तपासायचं

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात पॅनलच्या दुरुस्तीची कामं करताना एक फॉल्ट मला पुन्हा पुन्हा भेटतो. हळदीचा सीझन फेब्रुवारी ते मे जोरात चालतो. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडला की दोन-चार दिवसांत हळदीच्या कारखान्यातून फोन येतो, "साहेब, मेन उडाला, फीडरचा लग जळलाय." लग, म्हणजे केबलच्या टोकाला जोडणीसाठी बसवलेला धातूचा तुकडा, बदलतात, पॅनल पुसतात आणि लाइट चालू करतात. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तोच फोन येतो. काही ठिकाणी तर दुसऱ्या वेळी लगबरोबर बसबारही जळालेला असतो.

जिथे जिथे हा प्रकार परत परत झाला, तिथे मूळ दोष लगमध्ये नव्हता. पॅनल निवडतानाच तीनपैकी एक तरी गोष्ट चुकलेली होती. धूळ आत कशी येते हे आयपी रेटिंग ठरवतं. आत झालेला फ्लॅश कुठपर्यंत पसरतो हे फॉर्म ऑफ सेपरेशन ठरवतं. आणि फ्लॅश बसबारपर्यंत गेलाच तर बार जागेवर राहतात का, हे बसबारच्या शॉर्ट टाइम विथस्टँड करंटवर, म्हणजे आयसीडब्ल्यूवर अवलंबून असतं.

लक्षणं

खालचं चित्र तुमच्याकडे दिसत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

फॉल्ट एका फीडरच्या केबल लगवर होतो, पण त्या फीडरचा ब्रेकर, म्हणजे एमसीसीबी, एकटा ट्रिप न होता मेन ब्रेकर, म्हणजे इनकमर एसीबीही उडतो. जळालेल्या लगच्या वरच्या बाजूला, बसबार चेंबरच्या पत्र्यावर काजळी दिसते. सपोर्ट इन्सुलेटरवर झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक काळ्या रेषा उमटलेल्या असतात. याला आम्ही ट्रॅकिंग म्हणतो. आत पिवळसर धुळीचा थर असतो आणि बोट फिरवलं तर तो कोरडा न लागता चिकट लागतो. प्रत्येक फॉल्टनंतर बसबारच्या जॉइंटचे बोल्ट ढिले सापडतात, किंवा लोडवर पॅनलमधून पूर्वी नव्हता असा गुणगुण आवाज येऊ लागतो. या शेवटच्या लक्षणाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर तेच आहे. प्रत्येक फॉल्टनंतर बोल्ट ढिले होत असतील तर बार हलत असल्याची शंका घ्या.

तपासणी १: नेमप्लेट वाचा (खर्च शून्य, पॅनल चालू असताना बाहेरून)

पॅनलच्या दारावरच्या प्लेटवर काय लिहिलंय ते आधी मोबाइलवर फोटो काढून घ्या. रेटेड करंट, आयपी, फॉर्म, आयसीडब्ल्यू आणि त्याचा वेळ, आणि स्टँडर्डचा नंबर या पाच गोष्टी हव्यात. आजचं स्टँडर्ड आयएस/आयईसी ६१४३९ आहे. जुन्या पॅनलवर आयएस ८६२३ दिसेल.

इथे एक फसगत नेहमी होते. प्लेटवर नुसतं "५० केए", म्हणजे ५० हजार अँपिअर, लिहिलेलं असतं आणि मालक म्हणतो, आपला पॅनल ५० केएचा आहे. विचारलं की कळतं, तो आकडा ब्रेकरचा आहे. ब्रेकरची फॉल्ट तोडायची क्षमता आणि बसबारची फॉल्ट सोसायची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५० केएचा ब्रेकर २५ केएच्या बसबारवर बसवलेला मी बऱ्याचदा पाहिला आहे. बसबारच्या आकड्यासोबत वेळ असलाच पाहिजे, म्हणजे "२५ केए, १ सेकंद" असा. वेळ लिहिलेला नसेल तर तो आकडा बसबारचा आहे असं धरू नका. पॅनल बनवणाऱ्याकडून टेस्ट रिपोर्ट मागवा.

तपासणी २: पॅनलभोवती एक चक्कर मारा (खर्च शून्य)

दार न उघडता बघण्यासारखं बरंच असतं. पॅनलवर आयपी ५४ लिहिलेलं असतं. यातला ५ म्हणजे धूळ घातक प्रमाणात आत जाणार नाही, आणि ४ म्हणजे कुठूनही पाणी उडालं तरी चालेल. पण हा आकडा सगळी दारं बंद, सगळ्या ग्लँड बसवलेल्या आणि एकही भोक उघडं नाही अशा पॅनलचा असतो. जागेवर काय दिसतं? नंतर ओढलेल्या केबलसाठी ग्लँड प्लेट कापलेली, जुनी केबल काढली तिथलं भोक तसंच उघडं, आणि खाली केबल ट्रेंच सरळ पॉलिशिंग शेडमध्ये जाणारी. असं एक भोक राहिलं की ५४ फक्त प्लेटवर उरतं. त्याच भोकातून पाल आत जाते, आणि पालीमुळे झालेला फ्लॅश धुळीच्या फ्लॅशपेक्षा लहान नसतो.

दुसरी खूण म्हणजे पॅनलसमोर दार उघडं ठेवून लावलेला स्टँडचा पंखा, किंवा दारात मागाहून कापून बसवलेला फिल्टर नसलेला एग्झॉस्ट. हे दिसलं की प्रश्न धुळीचा एकटा नाही, गरमीचाही आहे. आयपी जितकं घट्ट तितकी आतली उष्णता बाहेर पडायला वाव कमी. जो बार उघड्या हवेत १६०० अँपिअर आरामात नेतो, तो बंद आयपी ५४ पेटीत तेवढा नेईलच असं नाही. शिवाय स्टँडर्ड धरतं तो भोवतालचा कमाल तापमानाचा आकडा ४० अंश आहे, आणि एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली आपल्याकडे तो सहज ओलांडला जातो. पॅनल घेताना आयपी वाढवलं पण बसबारचा साइज तोच ठेवला, की पॅनल तापतो, ऑपरेटर दार उघडतो, आणि धूळ आत येते.

पॅनल हळद दळायच्या किंवा पॉलिशच्या शेडमध्येच उभा असेल तर इथेच थांबा. हळदीची बारीक भुकटी हवेत दाट झाली तर ठिणगीने भडका घेऊ शकते. अशा जागी कुठलं उपकरण चालेल हे धोक्याच्या क्षेत्राची वर्गवारी करणाऱ्या तज्ज्ञाने ठरवायचं असतं. माझा सरळ आग्रह असतो की पॅनल वेगळ्या, बंद खोलीत हलवा. आयपी ५४ वरून आयपी ६५ वर जाण्यापेक्षा ती भिंत जास्त उपयोगी पडते.

तपासणी ३: ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटवरून फॉल्ट लेव्हल काढा (कागद, पेन, दहा मिनिटं)

पॅनल दहा वर्षांपूर्वीचा आणि ट्रान्सफॉर्मर मागच्या वर्षीचा असेल तर ही तपासणी सोडूच नका. कुपवाड एमआयडीसीतल्या एका युनिटचं उदाहरण पूर्ण सांगतो, कारण त्यात सगळा प्रकार एकत्र सापडतो.

तिथे आधी ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर होता, इम्पीडन्स ४.५ टक्के. फुल लोड करंट ६६७ अँपिअर, आणि पॅनलच्या तोंडाशी फॉल्ट करंट जास्तीत जास्त १४.८ केए. बसबार २५ केए, १ सेकंदचा, म्हणजे निवड योग्य होती. मग धंदा वाढला, १२५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आला, इम्पीडन्स ५ टक्के. इनकमर मोठा बसवला, बसबारला एक जादा बार जोडला आणि पॅनल तोच ठेवला. नवा हिशोब असा, त्यात 0.433 म्हणजे ४३३ व्होल्ट:

```
I   = 1250 / (1.732 × 0.433) = 1667 A
Isc = 1667 × 100 / 5         = 33340 A
```

म्हणजे ३३.३ केए. २५ केएच्या बसबारवर आता ३३ केए येऊ शकतो. ११ केव्ही लाइनचा आणि मधल्या केबलचा इम्पीडन्स यात धरलेला नाही, त्यामुळे खरा आकडा थोडा खाली येईल. उलट चालू असलेल्या मोटारी फॉल्टच्या पहिल्या काही सायकलमध्ये स्वतःच्या फुल लोडच्या चार-पाच पट करंट फॉल्टकडे ढकलतात. त्या युनिटमध्ये साधारण ६०० किलोवॅटच्या मोटारी होत्या, म्हणजे त्यांचा वाटा ४ ते ५ केए. दोन्ही गोष्टी एकमेकींना जवळपास फेडतात, म्हणून निवडीसाठी मी ३३ ते ३५ धरतो.

दोन ट्रान्सफॉर्मर असतील आणि बस कपलर बंद करून दोन्ही एकत्र चालवत असाल, तर दोन्हींचे आकडे बेरीज करा. नवा पॅनल येईपर्यंत कपलर उघडा ठेवणं आणि त्याला इंटरलॉक लावणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

तपासणी ४: इनकमरचं सेटिंग, आणि त्याची मर्यादा

इथे बरेच जण म्हणतात, "फॉल्ट १ सेकंद टिकूच द्यायचा नाही. एसीबीचा डिले कमी करू, म्हणजे २५ केएचा बार चालेल." अर्धी गोष्ट बरोबर आहे. बार तापण्याचा हिशोब करंटचा वर्ग गुणिले वेळ असा असतो. २५ चा वर्ग गुणिले १ सेकंद म्हणजे ६२५. ३३.३ चा वर्ग गुणिले ०.४ सेकंद म्हणजे साधारण ४४४. डिले ०.४ सेकंद ठेवला तर तापण्याच्या बाबतीत बार वाचतो. तसंही तापण्याची भीती इथे कमीच होती. ३३ केए १ सेकंद सोसायला ॲल्युमिनिअमचा ढोबळमानाने ४०० ते ४२० चौरस मिलिमीटर छेद पुरतो, आणि तिथे १०० बाय १० चा बार होता, म्हणजे १००० चौरस मिलिमीटर.

अडचण दुसऱ्या अर्ध्यात आहे. फॉल्ट सुरू झाल्यावर पहिल्या १० मिलिसेकंदात करंटचं शिखर येतं. स्टँडर्डप्रमाणे २० ते ५० केएच्या दरम्यान ते आरएमएस आकड्याच्या २.१ पट धरतात. २५ केएचा बसबार ५२.५ केए शिखरासाठी तपासलेला असतो. इथे शिखर ७० केए येणार. एसीबीला काही डिले न ठेवताही उघडायला दहा मिलिसेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, तोवर शिखर येऊन गेलेलं असतं. दोन बारांना एकमेकांपासून फेकणारं बल शिखराच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. ७० आणि ५२.५ चा हिशोब केला तर सपोर्टवर ते बल तपासलेल्या मर्यादेच्या पावणेदोन पटींहून जास्त होतं. जुन्या ५०० केव्हीएच्या तुलनेत तर ते साडेपाच पट आहे.

म्हणून डिले कमी करून हा प्रश्न सुटत नाही. तुटतात ते बार नाहीत, बार धरून ठेवणारे सपोर्ट तुटतात. आणि म्हणूनच "बारचा साइज वाढवला" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. जादा बार जोडून करंट नेण्याची क्षमता वाढते, पण सपोर्टमधलं अंतर तेच राहिलं तर आयसीडब्ल्यू वाढत नाही. शिखर खरोखर कापायचं असेल तर करंट लिमिटिंग एमसीसीबी किंवा एचआरसी फ्यूज लागतो, आणि त्या एमसीसीबी किंवा फ्यूजसोबत हा पॅनल चालेल असं पॅनल बनवणाऱ्याने लिहून द्यावं लागतं.

सेटिंगमध्ये एवढं मात्र बघा की इनकमरचा शॉर्ट टाइम डिले बसबारच्या लिहिलेल्या वेळेच्या आत आहे, आणि फीडरच्या एमसीसीबीला आधी ट्रिप व्हायला संधी मिळते. आकडे बदलण्याआधी जुने लिहून ठेवा.

तपासणी ५: शटडाऊन घेऊन आत बघा (लायसन्सधारक वायरमन, अर्धा दिवस)

इथून पुढचं काम पॅनलची सप्लाय पूर्ण बंद असतानाच करायचं. ११ केव्हीकडून आयसोलेट करा, कुलूप लावून टॅग टांगा, डीजी आणि सोलरकडून उलटी सप्लाय येत नाही याची खात्री करा, कपॅसिटर डिस्चार्ज होऊ द्या, टेस्टरने तीनही फेज तपासा आणि मगच अर्थिंग करा. बसबार चेंबरचं कव्हर चालू पॅनलवर कोणत्याही कारणाने उघडू नका.

आधी दारांचे गॅस्केट. एक कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा आणि ओढा. पट्टी सहज निसटली तर त्या जागी गॅस्केट दाबलं जात नाही, आणि धूळ तिथूनच येते. गॅस्केट बदलणं स्वस्त आहे. वाकलेल्या दाराला नवीन गॅस्केट लावून मात्र काही होत नाही. आधी बिजागरी आणि लॉक सरळ करावे लागतात.

मग फॉर्म. प्लेटवर काहीही लिहिलेलं असो, फीडरचं दार उघडून स्वतः बघा. फॉर्म १ म्हणजे आत कुठलीच भिंत नाही. फॉर्म २ मध्ये बसबार वेगळे. फॉर्म ३ मध्ये बसबारही वेगळे आणि प्रत्येक फीडरही एकमेकांपासून वेगळा, पण सगळ्या फीडरचे केबल लग एका सामाईक गल्लीत. फॉर्म ४ मध्ये प्रत्येक फीडरचे लगही वेगळे: ४ए मध्ये ते आपल्याच ब्रेकरच्या कप्प्यात, ४बी मध्ये ब्रेकरच्याही बाहेर, स्वतंत्र कप्प्यात. २ आणि ३ मधल्या ए आणि बी मधला फरक असा की ए मध्ये लग आणि बसबार यांच्यात भिंत नसते, बी मध्ये असते.

आपल्या फॉल्टसाठी हा शेवटचा फरकच सगळ्यात महत्त्वाचा. फ्लॅश लगवर सुरू होतो. तो एमसीसीबीच्या खालच्या बाजूचा, म्हणजे एमसीसीबीने तोडायला हवा, आणि तो तोडतोही. पण तेवढ्यात तापलेला, वीज वाहून नेणारा वायू वर बसबारपर्यंत पोचला, तर दुसरा फॉल्ट थेट बसबारवर होतो. तो तोडायला इनकमरशिवाय कुणी नाही. "फीडरचा फॉल्ट, मेन का उडतो" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

कुपवाडच्या त्या पॅनलवर ३बी लिहिलं होतं. आत बघितलं तर केबल गल्ली आणि बसबार चेंबर यांच्यामधल्या पत्र्यात कंट्रोल वायर नेण्यासाठी हाताएवढी खिडकी कापलेली होती, आणि एका जागी पत्राच काढून बाजूला ठेवला होता. लगच्या दोन फेजमधले बॅरियर गायब होते, कारण मोठा लग बसवताना ते आड आले होते. म्हणजे व्यवहारात तो ३बी राहिला नव्हता, ३ए झाला होता. कसोटी सोपी आहे: त्या भिंतीतून बोट बसबारपर्यंत पोचत असेल तर भिंत नाही असंच समजा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फॉर्म ४बी म्हणजे पॅनल आर्क-प्रूफ नव्हे. फॉर्मची भिंत बोट आणि बाहेरची वस्तू अडवण्यासाठी तपासलेली असते. ती फ्लॅशचा पसारा कमी करते, पण अंतर्गत आर्कची हमी हवी असेल तर त्याची वेगळी टेस्ट असते आणि ती वेगळी मागावी लागते.

शेवटी सपोर्ट आणि जॉइंट. सपोर्टवर तडा, कोपऱ्याचा टवका, ट्रॅकिंगची रेषा, बारला किंचित बाक, जॉइंटवर काळसर-निळसर रंग शोधा. बोल्ट टॉर्क रेंचने, पॅनलवाल्याने दिलेल्या आकड्यालाच घट्ट करा. अंदाजाने आवळलेला ॲल्युमिनिअमचा जॉइंट पुढे ढिलाच पडतो. सफाई व्हॅक्यूमने करा, कंप्रेसरची हवा मारली तर भुकटी सपोर्टच्या मागे जाऊन बसते. मग मेगरने इन्सुलेशन तपासा.

कुठे थांबायचं

सपोर्टला एक जरी तडा असेल, बार वाकलेला असेल, किंवा सफाई करून कोरडा केल्यावरही मेगर १ मेगओहमच्या वर जात नसेल, तर पॅनल चालू करू नका. सुटा सपोर्ट बाजारातून आणून बसवू नका. त्याच मापाचा दिसला तरी तपासलेल्या डिझाइनचा तो भाग नसतो. पॅनल बनवणाऱ्याला बोलवा. हिशोबाने निघालेला फॉल्ट करंट बसबारच्या आयसीडब्ल्यूपेक्षा जास्त असेल तर कितीही स्वच्छ पॅनल असला तरी तो बदलायचाच आहे, आणि ते काम इलेक्ट्रिकल कन्सल्टंट आणि लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरचं आहे. नवीन बसवताना विद्युत निरीक्षकांच्या परवानगीची प्रक्रियाही तेच बघतील.

कुपवाडमध्ये काय घेतलं

बसबार ५० केए, १ सेकंद, शिखर १०५ केए. ३५ केएचाही पर्याय होता, पण हिशोबच ३३ ते ३५ येत असताना तो घेणं मला पटलं नाही. फॉर्म सगळीकडे ३बी, आणि ज्या दोन मोठ्या ब्लोअर फीडरवर दरवेळी लग जळत होते तिथे ४बी. सगळा पॅनल ४बी घेतला असता तर किंमत आणि जागा दोन्ही वाढली असती, आणि जादा भिंतींमुळे कप्पे जास्त तापले असते. एकाच पॅनलमध्ये वेगवेगळे फॉर्म घेता येतात, हे ग्राहकाला सहसा कुणी सांगत नाही. आयपी ५४, पण पॅनल शेडबाहेर वेगळ्या खोलीत, ट्रेंच खोलीच्या भिंतीशी सील केलेली, आणि पावसाळ्यासाठी आत थर्मोस्टॅटवरचा हीटर. १६६७ अँपिअरसाठी २००० चा बसबार, आणि तो आकडा आयपी ५४ पेटीत, ४५ अंशांत मिळायला हवा असं चौकशीपत्रातच लिहिलं.

तुम्ही चौकशी पाठवाल तेव्हा हीच वाक्यं वापरा. फक्त "आयपी ५४, फॉर्म ४, ५० केए" एवढंच लिहिलं तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ काढतो. फॉर्मचं अक्षर लिहा, आयसीडब्ल्यूसोबत वेळ लिहा, आणि रेटेड करंटसोबत आयपी व तापमान लिहा. टेस्ट रिपोर्ट सीपीआरआय, एर्डा किंवा तशाच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा मागा. तो हातात आला की पहिलं पान बाजूला ठेवून ड्रॉइंगचं पान काढा. तिथे सपोर्टचा प्रकार आणि दोन सपोर्टमधलं अंतर दिलेलं असतं. पॅनल आला की टेप घेऊन तेच अंतर बसबार चेंबरमध्ये मोजा. रिपोर्टपेक्षा जास्त भरलं तर पॅनल उतरवून घेण्याआधीच बनवणाऱ्याला फोन करा.